घरात दुखवटा असताना आमंत्रणाला नकार कसा कळवावा

दुखवट्याच्या घरातून नकार कळवताना आपण यजमानांना एकाच दमात दोन गोष्टी सांगत असतो. आमच्या घरातलं माणूस गेलं, ही एक. आणि म्हणून आम्ही तुमच्या कार्याला येणार नाही, ही दुसरी. पहिली ऐकली की सांत्वन करावंसं वाटतं, दुसरी ऐकली की आग्रह करावासा वाटतो. दोन्ही एकत्र कानावर आल्या की यजमान गोंधळतात. आपल्या घरच्या आनंदाबद्दल बोलावं की गप्प बसावं, जेवणाची संख्या विचारावी की ते निर्दयपणाचं दिसेल, तुम्हाला भेटायला यावं की कार्य उरकल्यावर यावं, यातलं काहीच त्यांना कळत नाही. त्या गोंधळातून मग आठवडाभर अर्धवट फोन होत राहतात, आणि आधीच थकलेल्या तुमच्यावर आणखी बोलण्याचं ओझं येतं.

हा लेख ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी आहे. निरोप असा द्यायचा की तो मिळाल्यावर यजमानांना तुम्हाला काहीही विचारावं लागणार नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: आधी घरात ठरवा, मग बाहेर बोला

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. निधनानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत घरातल्या प्रत्येकाचा फोन वाजत असतो. यजमानांकडून कुणीतरी सहज विचारतं, आणि आई म्हणते, “बघू, जमलं तर येऊ.” मुलगा म्हणतो, “आम्ही कुणीच येणार नाही.” सून म्हणते, “मला अजून काही माहीत नाही.” तिघांच्याही मनात वाईट काही नसतं, पण यजमानांच्या हातात तीन वेगवेगळी उत्तरं पडतात. ते अर्थातच त्यातलं सगळ्यात आशादायक उत्तर धरून चालतात.

म्हणून कुणालाही कळवण्याआधी घरातल्या मोठ्यांनी दहा मिनिटं एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. कोण जाणार नाही, आणि कुणी जाणार असेल तर कोण? हा निर्णय किती काळापुरता आहे? आणि सगळ्यांच्या वतीने कोण बोलणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमीच ‘कुणीच नाही’ असं असतं असं नाही. काही घरांत दुखवट्याचे दिवस ठरलेले असतात आणि ते सगळ्यांना लागू असतात. काही घरांत असं काही ठरलेलं नसतं, ज्याचं त्याने पाहायचं असतं. गेलेल्या माणसाशी थेट नातं असलेले घरी राहतात आणि बाकीच्यांपैकी एखादा घराच्या वतीने थोडा वेळ जाऊन येतो, असंही होतं. काय योग्य हे घराने ठरवावं. बाहेरच्याने त्यात पडू नये. पण जे ठरेल ते सगळ्यांच्या तोंडी एकसारखं असावं. ज्यांनी बोलायचं नाही त्यांच्यासाठीही एक वाक्य ठरवून ठेवा: “त्याबद्दल दादा तुम्हाला आज फोन करणार आहे.” एवढं म्हटलं की पुढचं बोलणं आपोआप थांबतं.

बोलणारी व्यक्ती शक्यतो यजमानांच्या ओळखीची असावी, पण सगळ्यात जास्त कोलमडलेली नसावी. ज्यांचे वडील गेले त्यांनीच फोन केला पाहिजे असा काही नियम नाही. त्यांच्या वतीने जावयाने, भावाने, जुन्या शेजाऱ्याने केलेला फोन तितकाच आदराचा असतो.

दुसरी पायरी: कुणाला आणि किती लवकर

कार्य किती दिवसांवर आहे त्यावर सगळं अवलंबून आहे.

दोन आठवडे किंवा जास्त अवधी असेल तर घाई नाही. पहिले दिवस जाऊ द्या, मग शांतपणे फोन करा. आठवडाभरावर कार्य असेल तर मात्र निर्णय झाल्याच्या दिवशीच कळवा. जेवणाची संख्या, बसण्याची व्यवस्था, राहण्याच्या खोल्या हे सगळं शेवटच्या काही दिवसांत पक्कं होत असतं. तुम्ही गप्प राहिलात तर यजमान तुम्हाला विचारायला संकोचतात आणि तुमच्या नावाच्या जागा तशाच धरून ठेवतात. इथे उशीर करण्यात कसला मान राखला जात नाही, उलट त्यांची अडचण वाढते.

कार्य उद्या किंवा परवावर आलं असेल तर वेगळा विचार करावा लागतो. ज्यांच्या घरी कार्य आहे त्या आई-वडिलांना, नवऱ्या मुलाला किंवा मुलीला थेट फोन करू नका. त्यांच्या घरात कुणीतरी व्यवस्था पाहणारा असतोच. काका असतील, थोरली बहीण असेल, जवळचा मित्र असेल. त्यांना गाठा आणि तीनच गोष्टी सांगा: आमच्याकडे असं झालं आहे, आम्ही येणार नाही, आणि ही बातमी घरच्यांना केव्हा सांगायची ते तुम्हीच ठरवा. नात्यातला माणूस बरोबर वेळ ओळखतो. कुणाला लगेच सांगायचं, कुणाला कार्य पार पडल्यावर सांगायचं, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. आणि ‘तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?’ असं पुढे यजमानांनी विचारलं तर सांगता येतं की निरोप तुमच्या घरी त्याच दिवशी पोचवला होता.

गेलेलं माणूस यजमानांच्याही जवळचं असेल तर मात्र हे लागू नाही. ते त्यांचंही दुःख आहे. ती बातमी त्यांना आधी, वेगळी आणि माणसाच्या तोंडून कळायला हवी, आणि त्या फोनमध्ये कार्याचा विषय तुम्ही काढू नये. येण्या-न येण्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी.

आता फोन की लिखित निरोप? तुम्ही त्या कार्यात काही जबाबदारी घेतली असेल, किंवा नातं जवळचं असेल, तर फोन आणि त्यानंतर छोटा लिखित निरोप, असं दोन्ही करा. फोनवर भावना पोचते, लिहिलेल्यात संख्या आणि निर्णय पोचतो. फोनवर रडू आलं आणि नेमकं काय ठरलं ते बोलायचंच राहिलं, असं फार वेळा होतं. साध्या ओळखीचं आमंत्रण असेल तर लिखित निरोप पुरतो, त्यात काही कमीपणा नाही.

कार्यासाठी बनवलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र हे कधीही टाकू नका. पाच मिनिटांत तिथे श्रद्धांजलीचे संदेश सुरू होतात. गाण्यांच्या याद्या, कपड्यांचे फोटो आणि ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ एकाखाली एक येऊ लागतात. मग ग्रुपवरचे लोक आनंदाचं काही लिहायला कचरतात, आणि ज्यांनी तो ग्रुप हौसेने बनवला त्यांना वाईट वाटतं. यजमानांना एकट्यांना कळवा, आणि ग्रुपवर टाकू नका असं स्पष्ट सांगा. ग्रुपमधले संदेश नको वाटत असतील तर त्याचा आवाज बंद ठेवा, लगेच बाहेर पडू नका. बाहेर पडल्याचं ग्रुप चालवणाऱ्यांना कळतं आणि प्रश्न सुरू होतात.

तिसरी पायरी: निरोपात काय असावं

पाच गोष्टी, आणि शक्यतो याच क्रमाने.

सुरुवातीला निधनाची बातमी, एका वाक्यात. कोण गेलं आणि केव्हा, एवढंच. आजार काय होता, शेवटचे तास कसे गेले, दवाखान्यात काय झालं, हे या निरोपात लिहू नका. यजमान ते वाचतात तेव्हा त्यांच्या भोवती पाहुणे असतात, आणि वाचलेलं मनातून जात नाही. ज्यांना सविस्तर सांगावंसं वाटतं त्यांना ते नंतर भेटीत सांगता येतं.

लगेच पुढे निर्णय. ‘येऊ शकणार नाही.’ इथे नरम पडण्याचा मोह सगळ्यांना होतो. ‘कदाचित जमणार नाही’, ‘बघतो कसं होतंय’, ‘मनात तर खूप आहे’ अशी वाक्यं लिहिणाऱ्याला सौम्य वाटतात. वाचणाऱ्याला मात्र ती दार किलकिलं ठेवल्यासारखी वाटतात. ज्याच्या मनात तुमच्याबद्दल प्रेम आहे तो त्या फटीतून आत येणारच. तो पुन्हा फोन करेल, गाडी पाठवतो म्हणेल, अर्धा तास ये म्हणेल. मग तुम्हाला तीनदा नाही म्हणावं लागेल, आणि दर वेळी ते अधिक कडू होत जाईल. एकदाच स्पष्ट नाही म्हटलेलं दोघांनाही सोपं जातं.

त्यानंतर त्यांच्या व्यवस्थेचा भाग. आमच्याकडून किती जण धरले होते आणि आता किती धरायचे. तुम्ही काही काम घेतलं असेल तर त्याचं काय करायचं. पुष्कळ लोक हे लिहायला लाजतात. दुःखात जेवणाच्या पानांचा हिशोब काय करायचा, असं त्यांना वाटतं. पण यजमानांना नेमकं तेच विचारायचं असतं आणि तेच त्यांना विचारता येत नाही. तुम्ही आपणहून सांगितलंत की त्यांचा मोठा संकोच टळतो.

मग शुभेच्छा, आणि ती मनापासूनची. ज्याचं कार्य आहे त्याचं नाव घेऊन, एक-दोन वाक्यं. या भागात पुन्हा दुःखाकडे वळू नका. ‘आमच्या नशिबी हा आनंद नव्हता’ किंवा ‘आमच्यासारख्यांनी येऊन तुमच्या कार्याला गालबोट कशाला’ अशी वाक्यं माणसं नम्रतेने लिहितात. ती लिहू नयेत असं मला फार तळमळीने सांगावंसं वाटतं. माणूस गेल्याने घर अशुभ होत नाही. तुम्ही येत नाही कारण तुम्ही शोकात आहात. तुमच्या पावलांनी काही बिघडेल म्हणून तुम्ही घरी राहत नाही. स्वतःबद्दल असं लिहिलंत की यजमानांना ते खोडून काढावं लागतं, ‘असं काय बोलता, तुम्ही आलंच पाहिजे’ म्हणावं लागतं, आणि आग्रहाचं चक्र पुन्हा सुरू होतं.

शेवटी त्यांना मोकळं करणं. उत्तर द्यायची घाई नको, आत्ता भेटायला यायला नको, कार्यक्रम ठरल्याप्रमाणेच होऊ द्या. हे तिन्ही सांगावं लागतं, कारण सांगितलं नाही तर भल्या माणसांच्या मनात हे तिन्ही येतं.

क्षमा किती वेळा मागायची? एकदाही नाही मागितली तरी चालते. घरातलं माणूस गेल्याबद्दल कुणी कुणाची माफी मागायची नसते. घेतलेलं काम अर्धवट राहत असेल तर त्या कामापुरतं एक ‘माफ करा’ पुरे.

एक प्रसंग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, एका शिक्षिकेचे वडील गेले. कॉलेजपासूनच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न नऊ दिवसांवर आहे. शिक्षिकेने स्वागत समारंभाचं निवेदन करायचं कबूल केलं होतं. सासूबाई, ती, नवरा आणि एकोणीस वर्षांचा मुलगा अशी चार माणसं जाणार होती. मुलगा आणि नवरीचा धाकटा भाऊ जिवाभावाचे मित्र. पाहुण्यांना गाडीने आणायचं काम मुलाने घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात बोलणं झालं. ती आणि नवरा जाणार नाहीत हे उघड होतं. सासूबाई म्हणाल्या, “तुझे वडील गेलेत, मी नटूनथटून बाहेर पडले तर मला घरात तुझ्या नजरेला नजर देता येणार नाही.” मुलाच्या मनात मित्रासाठी जायचं होतं, पण आजोबांचं नाव निघालं की तो गप्प होत होता. शेवटी आईनेच सांगितलं की तू जा, घराच्या वतीने जा, पण आधीच्या मजेच्या कार्यक्रमांना नको, लग्नाच्या वेळी जाऊन ये. गाडीचं काम घेऊ नकोस, कारण त्या धावपळीत दर नवा पाहुणा तुला आजोबांचं विचारेल.

आता कामाचं काय? इथे तिने एक शहाणपणाची गोष्ट केली. मैत्रिणीला फोन करण्याआधी तिने शाळेतल्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो चांगलं बोलतो आणि मैत्रिणीच्या घरच्यांना ओळखतोही. तो तयार झाल्यावर मग तिने मैत्रिणीला फोन केला. आधी नुसतं ‘मी निवेदन करू शकणार नाही’ असं कळवलं असतं, तर लग्नाच्या आठवड्यात मैत्रिणीला माणूस शोधत बसावं लागलं असतं. पर्याय हातात नसेल तरी कळवणं लांबवू नये. पण एखाद-दोन तासांत पर्याय मिळण्यासारखा असेल तर तो घेऊनच बोलावं.

फोनवर काय बोलायचं ते तिने कागदावर तीन ओळींत लिहून समोर ठेवलं होतं. बोलणं साधारण असं झालं.

“अगं, मी आहे. दोन मिनिटं बोलता येईल? जवळपास कुणी आहे का?”

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. समोरची व्यक्ती दुकानात, पाहुण्यांत किंवा नवरीसोबत असू शकते.

“थांब, बाहेर येते. बोल.”

“बाबा गेले गं. परवा पहाटे. आम्ही सगळे ठीक आहोत. मी आणि हे लग्नाला येणार नाही, तेवढं सांगायला फोन केला.”

मैत्रीण काही क्षण बोललीच नाही. अशा वेळी ती शांतता भरून काढायची घाई करू नये. मग ती म्हणाली, “मी निघते, आत्ता येते तुझ्याकडे.”

“नको. तुझ्या घरी माणसं आली आहेत. लग्न झालं, सगळे गेले, की निवांत ये. तेव्हा मला तू हवी आहेस.”

“मग आम्ही गाण्याचा कार्यक्रम रद्द करतो. मला नाही जमणार ते.”

“असं करू नकोस. लेकीने किती दिवस तयारी केली आहे. सगळं ठरल्यासारखं होऊ दे. मला त्यात बरंच वाटेल.”

“अगं, पण निदान अक्षता टाकायला तरी ये. पाच मिनिटं. लगेच सोडते तुला घरी.”

इथे तिचा आवाज बदलला. पण कागदावरचं वाक्य समोर होतं. “नाही येणार गं. ठरलंय आमचं. मला पुन्हा विचारू नकोस, मला दर वेळी नाही म्हणताना त्रास होईल. मुलगा लग्नाच्या वेळी येईल, आमच्या सगळ्यांच्या वतीने. निवेदनाचं मी सरांशी बोलले आहे, ते करतील, त्यांना मी माझे कागद दिलेत. बाकीचं लिहून पाठवते.”

आग्रहाला द्यायच्या उत्तरात तिने नवं कारण जोडलं नाही, हे लक्षात घ्या. नवी कारणं दिली की त्या प्रत्येक कारणावर तोडगा निघतो. अंतर लांब आहे म्हटलं तर गाडी येते. गर्दी नको म्हटलं तर वेगळी खोली मिळते. ‘ठरलंय आमचं’ यावर तोडगा नसतो.

अर्ध्या तासाने तिने हे लिहून पाठवलं:

“आत्ता फोनवर बोललो तेच लिहून ठेवते, म्हणजे तुला आठवायला नको. बाबा परवा पहाटे गेले. आमच्याकडून आता फक्त लेक येईल, तोही लग्नाच्या वेळी. म्हणजे चाराऐवजी एक धर. गाडीचं काम त्याला देऊ नका, दुसऱ्या कुणाला सांगा. निवेदन सर करतील, ते उद्या तुला फोन करतील. लेकीला माझे खूप खूप आशीर्वाद सांग. तिचा संसार सुखाचा होवो. ग्रुपवर काही टाकू नकोस, आणि लेक तिथे असताना त्याला कुणी आजोबांचं विचारणार नाही एवढं बघ. याला उत्तर देऊ नकोस, आपण सावकाश बोलू.”

या निरोपात हळवेपणा फारसा दिसत नाही, कारण तो सगळा फोनवर होऊन गेला होता. फोन न करता नुसतं लिहायचं असतं तर शुभेच्छांचा भाग आणखी दोन वाक्यांनी वाढवावा लागला असता. मुलाबद्दलची शेवटची विनंती मला फार मोलाची वाटते. घराच्या वतीने जाणाऱ्या एकट्या माणसाला, विशेषतः तरुण मुलाला, तिथे प्रत्येकाकडून सांत्वन स्वीकारत उभं राहावं लागतं. यजमानांना आधी सांगितलं तर ते दोन-चार जवळच्या माणसांना सांगून ठेवतात, आणि त्या मुलाला मित्राच्या बहिणीच्या लग्नात मित्र म्हणून उभं राहता येतं.

वडीलधारे आणि वरिष्ठ

वयाने मोठ्या यजमानांशी बोलताना निर्णय तोच ठेवा, फक्त मांडणीत आदर वाढवा. “काकू, तुम्ही एवढ्या प्रेमाने घरी येऊन आमंत्रण दिलंत. आमच्याकडे आईचं निधन झालं, त्यामुळे आम्हाला येता येणार नाही. तुमचा आशीर्वाद असू द्या, पुढे आम्ही दोघं घरी येऊन भेटू.” मोठी माणसं आग्रह केला नाही तर आपण कमी पडलो असं मानतात, म्हणून ती एकदा आग्रह करतीलच. तो ऐकून घ्या, आभार माना, आणि तेच उत्तर त्याच शब्दांत पुन्हा द्या.

कामाच्या ठिकाणच्या आमंत्रणाला तीन ओळी पुरतात: “सर, माझ्या घरी निकटच्या व्यक्तीचं निधन झालं आहे. त्यामुळे शनिवारच्या कार्यक्रमाला मी उपस्थित राहू शकणार नाही. आपल्या मुलाला मनःपूर्वक शुभेच्छा.” कोण गेलं हे सांगायची इच्छा नसेल तर ‘निकटची व्यक्ती’ एवढं म्हणायला हरकत नाही. रजेचा विषय याच निरोपात घालू नका. त्यासाठी वेगळं लिहा, नाहीतर शुभेच्छा रजेच्या अर्जाच्या तळाशी पडल्यासारख्या दिसतात.

दुखवटा लांबला असेल तर

निधनाला दोन-तीन महिने झाले आहेत, घर अजून शोकात आहे, आणि नवं आमंत्रण येतं. ही परिस्थिती पहिल्या आठवड्यापेक्षा अवघड असते. तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. आता यजमान म्हणतात, “त्याला तर बरेच दिवस झाले ना?” तुमच्या घरच्या पद्धतीची ओळख नसलेले लोक हे निर्मळपणे विचारतात. त्यात राग मानू नका, आणि तुमच्या पद्धतीचं समर्थन करायलाही बसू नका. कालमर्यादा सांगा: “आमच्या घरी अजून दुखवटा आहे. जूनपर्यंत आम्ही कुठल्याच आनंदाच्या कार्यक्रमाला जात नाही.” महिना सांगितला की लोकांना ते समजतं, आणि हा नकार आपल्यापुरता नाही हेही कळतं.

पण हे वाक्य वापरायचं तर ते सगळ्यांना सारखं लागू करावं लागतं. एकाला ‘आम्ही कुठेच जात नाही’ म्हणून कळवलं आणि पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या वाढदिवसाचा तुमचा हसरा फोटो सगळ्यांना दिसला, तर पहिल्याला झालेली जखम लवकर भरत नाही. त्यांना वाटतं, दुखवटा फक्त आमच्यापुरता होता. तुम्ही काही ठिकाणी जाणार असाल आणि काही ठिकाणी नाही, तर घराचा नियम पुढे करू नका. खरं आहे ते सांगा: “मला अजून गर्दीत आणि गाण्यात बसवत नाही. तुमच्या कार्यक्रमाला मोठा समारंभ आहे, म्हणून येत नाही.” हे ऐकून कुणी दुखावलं जात नाही, आणि उद्या तुम्ही चार माणसांच्या घरगुती जेवणाला गेलात तरी खोटे पडत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत थोडं सैल असायला हवं असं मला वाटतं. सात वर्षांच्या मुलाला वर्गमित्राच्या वाढदिवसाला पाठवायचं की नाही हे घराने ठरवावं. पण पाठवायचं नसेल तर ते त्या मित्राच्या पालकांना मोठ्यांनी कळवावं. मुलाच्या तोंडून निरोप देऊ नका. वर्गात सगळ्यांसमोर ते वाक्य उच्चारणं त्याच्यासाठी जड असतं.

कार्याच्या दिवशी, आणि नंतर

भेटवस्तू पाठवायची असेल तर ती कार्याच्या दोन-तीन दिवस आधी पोचेल असं पाहा आणि सोबतच्या चिठ्ठीत फक्त शुभेच्छा लिहा. निधनाचा उल्लेख त्या चिठ्ठीत नको. ती चिठ्ठी वर्षानुवर्षं जपली जाते. भेट पाठवणं जमलं नाही तर राहू द्या. नंतर भेटाल तेव्हा नेता येते.

कार्याच्या दिवशी शुभेच्छांचा संदेश पाठवायचा झाला तर आदल्या संध्याकाळी पाठवा. ऐन वेळी आलेला तुमचा संदेश वाचून यजमानांना तुमची आठवण येते आणि ते मंडपातूनच फोन लावतात. तो फोन तुम्हालाही झेपत नाही आणि त्यांनाही.

नंतर साधारण आठवड्याभराने यजमान तुमच्याकडे येतील किंवा फोन करतील. बहुतेक जण त्या वेळी लग्नाचा विषय टाळतात, अपराध्यासारखे बसतात आणि लवकर उठतात. तो विषय तुम्हीच काढा. “कार्य नीट पार पडलं ना? फोटो दाखव की.” तुम्हाला ते पाहणं जमणार नसेल तर तेही सांगता येतं: “फोटो पुढच्या वेळी पाहते, आज नको.” पण ज्यांना शक्य आहे त्यांनी विचारावं. तुम्ही विचारलंत की त्यांना त्यांचा आनंद तुमच्यापासून लपवावा लागत नाही. मग तेही गेलेल्या माणसाबद्दल मोकळेपणाने विचारू शकतात.

आणि दुखवट्याचा काळ संपला की ज्यांना ज्यांना नकार कळवला होता त्यांना एकदा कळवा की आता तुम्ही बोलावण्याला येऊ शकता. दुखवट्याच्या घराला बोलवावं की नाही या संकोचात लोक पुढेही महिनोन्‌महिने आमंत्रण देत नाहीत, आणि तुम्हाला वाटतं की आपण वगळले गेलो. “आमचं वर्ष झालं, आता सांगा, येऊ आम्ही,” एवढं तुमच्याकडून गेलं पाहिजे.